मे महिन्यातला खोलीचा तक्ता कसा वाचावा: जलाशयातील तापमानाचे थर, पाण्याची उलथापालथ आणि ऑक्सिजन

पाणीपुरवठा योजनेसाठी किंवा मत्स्यव्यवसायासाठी एखाद्या तलावाचा सरोवरशास्त्रीय अहवाल मागवला की त्याच्या शेवटी परिशिष्टात एक साधा दिसणारा तक्ता असतो. डाव्या रकान्यात खोली आणि पुढे तापमान, विद्राव्य ऑक्सिजन म्हणजे डीओ, त्याची संपृक्ततेची टक्केवारी आणि विद्युतवाहकता असे रकाने असतात. अहवालाचा निष्कर्ष बहुधा पृष्ठभागाच्या एका ओळीवरून लिहिलेला असतो आणि त्यामुळे 'डीओ समाधानकारक' असे वाक्य वाचून फाइल पुढे सरकते. प्रत्यक्षात जॅकवेलचे, म्हणजे जलाशयातून पाणी उचलणाऱ्या विहिरीचे, कोणते दार उघडावे, वळवाच्या वादळानंतर मासे का मरतात आणि नोव्हेंबरात फिल्टरच्या पाण्याला अचानक वास का येतो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या तक्त्याच्या खालच्या ओळींत असतात. त्या ओळी कशा वाचायच्या, हे एका उदाहरणाच्या आधाराने येथे क्रमाने मांडले आहे.

उदाहरणासाठी मराठवाड्यातील एका मध्यम प्रकल्पाची कल्पना करू. मातीचे धरण, बेसाल्ट खडकाच्या टेकड्यांमधला काहीसा अरुंद जलाशय आणि शहराला पाणी देणारी जॅकवेल, असे त्याचे स्वरूप आहे. मोजणीच्या दिवशी पाणीपातळी समुद्रसपाटीपासून ४४१ मीटर आहे, धरणाजवळच्या मोजणीच्या जागी तळ ४२३ मीटरवर आहे, म्हणजे तेथे १८ मीटर पाणी आहे. जॅकवेलला तीन दारे आहेत: ४३८, ४३३ आणि ४२७ मीटर पातळीवर. पुढचे आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, कोणत्याही प्रत्यक्ष धरणाचे नाहीत. मात्र उन्हाळ्यात तापलेल्या आणि पुरेशा खोल जलाशयात दिसावा तसाच त्यांचा बाज ठेवला आहे.

पहिली पायरी: आकड्यांआधी तक्त्याचे डोके वाचा

तक्त्याच्या वर तारीख, वेळ, पाणीपातळी, मोजणीची जागा, वारा आणि उपकरण यांची नोंद असली पाहिजे. यांतली सर्वांत जास्त वेळा गाळली जाणारी आणि सर्वांत जास्त घोळ घालणारी नोंद म्हणजे वेळ. आपल्या उदाहरणातली मोजणी मे महिन्याच्या अखेरीस दुपारी एक वाजता केलेली आहे. त्या वेळी पृष्ठभागाचे पाणी दिवसभरातल्या उन्हाने तापलेले असते आणि शेवाळाचे प्रकाशसंश्लेषण भरात असते. तेच मोजमाप पहाटे घेतले असते तर वरच्या दोन मीटरचे आकडे वेगळे आले असते, तर सहा मीटरखालचे जवळपास तेच राहिले असते. वेळ लिहिलेली नसेल तर वरच्या दोन मीटरवरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

पाणीपातळीची नोंद नसेल तर तक्ता पुढच्या मोजणीशी ताडून पाहता येत नाही. याचे कारण पाचव्या पायरीत येईल.

| खोली (मी.) | तापमान (°से.) | डीओ (मि.ग्रॅ./लि.) | संपृक्तता (%) | विद्युतवाहकता (मायक्रोसिमेन्स/सेंमी) |
|---|---|---|---|---|
| ०.२ | ३०.४ | ८.९ | १२५ | ४१० |
| १ | ३०.१ | ८.७ | १२१ | ४१० |
| २ | २९.६ | ७.६ | १०५ | ४११ |
| ४ | २९.३ | ६.८ | ९४ | ४१२ |
| ६ | २९.१ | ६.३ | ८६ | ४१३ |
| ७ | २८.४ | ४.९ | ६६ | ४१६ |
| ८ | २७.२ | २.६ | ३४ | ४२४ |
| ९ | २६.४ | १.१ | १४ | ४३१ |
| १० | २६.० | ०.५ | ६ | ४३७ |
| १२ | २५.६ | ०.२ | ३ | ४४६ |
| १४ | २५.४ | ०.१ | १ | ४५८ |
| १७ | २५.३ | ०.१ | १ | ४७५ |

दुसरी पायरी: तापमानाच्या रकान्यातून थर वेगळे काढा

रकाना वरून खाली वाचताना तापमान किती आहे यापेक्षा प्रत्येक मीटरला ते किती घटते, हे शेजारी पेन्सिलीने लिहीत जावे. एक ते दोन मीटरमध्ये अर्ध्या अंशाची घट आहे, पुढे दोन ते सहा मीटरपर्यंत जवळपास काहीच नाही, मग सहा ते सात ०.७, सात ते आठ १.२, आठ ते नऊ ०.८ आणि त्याखाली पुन्हा नगण्य. म्हणजे घट दोन ठिकाणी एकवटलेली आहे आणि या दोन जागांचा अर्थ वेगळा आहे.

वरची, दोन मीटरच्या आतली घट ही त्या दिवसाची कमाई आहे. रात्री पृष्ठभागाचे पाणी गार होऊन जड होते, खाली उतरते आणि हा पातळ गरम थर पुसला जातो. खालची, सहा ते नऊ मीटरमधली घट ही ऋतूची आहे. ती फेब्रुवारी-मार्चपासून हळूहळू साठत आलेली असते आणि एका रात्रीच्या गारव्याने मोडत नाही. यालाच थर्मोक्लाइन म्हणतात. तिच्यावरचे सहा मीटर पाणी वाऱ्याने ढवळले जाणारे आणि हवेशी संपर्कात असलेले असते. तिच्याखालचे पाणी हवेपासून तुटलेले असते. अहवालात थर्मोक्लाइन 'एक मीटरवर' लिहिलेली दिसली, तर लेखकाने दुपारच्या गरम सायीला ऋतूचा थर समजले आहे, हे ओळखावे.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवायला हवी, कारण थंड देशांतील तलावांवर बेतलेल्या नियमांमुळे आपल्याकडचे अहवाल याच ठिकाणी चुकतात. आपल्या तक्त्यात वरच्या थराचे तापमान सुमारे २९.३ आणि तळाचे २५.४ अंश, म्हणजे फरक चार अंशांहूनही थोडा कमी आहे. हा फरक किरकोळ समजून 'स्तरीकरण दुर्बल' असे लिहिले जाते. परंतु पाण्याचे थर तापमानाने नव्हे, तर घनतेने एकमेकांपासून अलग राहतात आणि पाणी जितके गरम तितकी प्रत्येक अंशामागे घनता जास्त बदलते. ४ अंशांवरून ५ अंशांवर जाताना एक घनमीटर पाण्याचे वजन जेमतेम ८ ग्रॅमने घटते. २९ वरून ३० वर जाताना ते सुमारे ३०० ग्रॅमने घटते. त्यामुळे २९.३ आणि २५.४ अंशांच्या पाण्यांत घनमीटरमागे सुमारे १.१ किलोचा फरक पडतो. थंड प्रदेशातील तलावाच्या तळाशी ४ अंशांचे पाणी असेल, तर तेवढाच फरक मिळवायला त्याचा पृष्ठभाग १६ अंशांच्या किंचित वर जावा लागतो. म्हणजे आपले चार अंश त्यांच्या बारा अंशांच्या तोडीचे आहेत. म्हणूनच 'मीटरला एक अंश' हा सरसकट निकष मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात लावू नये. मीटरमागे अंशाच्या तिसऱ्या-चौथ्या भागाइतकी घट सलग दोन-तीन मीटर टिकलेली दिसली आणि त्याच खोलीवर ऑक्सिजनही पडत असेल, तर थर बसला आहे असे समजावे.

तिसरी पायरी: ऑक्सिजन मिलिग्रॅममध्ये आणि टक्क्यांत, दोन्ही वाचा

गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्रसपाटीवर ३० अंशांच्या गोड्या पाण्यात हवेशी समतोल साधल्यावर लिटरला सुमारे ७.५६ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहतो, २५ अंशांना ८.२६. मराठवाड्याचे पठार उंचावर असल्यामुळे हवेचा दाब कमी असतो. ४४० मीटर उंचीवर तो समुद्रसपाटीच्या साधारण ९५ टक्के असतो. म्हणून वरचे आकडे ०.९५ ने गुणायचे. ३० अंशांना ते ७.१८ होतात. पृष्ठभागावर ८.९ मिलिग्रॅम आहे म्हणजे संपृक्ततेच्या १२५ टक्के. ही बढाई मारण्यासारखी गोष्ट नाही. हवेतून विरघळून ऑक्सिजन शंभराच्या वर जाऊ शकत नाही. वरचे पंचवीस टक्के शेवाळाने दुपारच्या उन्हात तयार केलेले असतात आणि तेच शेवाळ रात्री श्वसनासाठी ऑक्सिजन वापरते. सामूचा रकाना असेल तर तोही हेच सांगतो: शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत असल्याने दुपारी वरच्या पाण्याचा सामू साडेआठच्या पुढे जातो. या तलावाचा खरा, विश्वासार्ह वरचा आकडा चार मीटरवरचा ६.८ आहे.

सहा मीटरखाली टक्केवारी ८६ वरून ६६, ३४ आणि १४ अशी कोसळते. ही पडझड थर्मोक्लाइनच्या जागीच होते, यात योगायोग नाही. खालच्या पाण्याला वरून ऑक्सिजन मिळत नाही, तिथे प्रकाश पुरेसा पोचत नाही म्हणून शेवाळ तो तयारही करत नाही. मात्र वरून सतत पडणारे मेलेले शेवाळ, पावसाळ्यात वाहून आलेला काडीकचरा आणि धरणाच्या तळातली जुनी सेंद्रिय माती हे सारे कुजताना ऑक्सिजन खात राहते. ही कुजण्याची क्रिया तापमानाबरोबर वेग घेते. तळाला २५ अंश असलेल्या आपल्या जलाशयात खालचा साठा काही आठवड्यांत संपतो, जो थंड तलावात सबंध उन्हाळाभर पुरू शकला असता.

दहा मीटरखाली डीओ संपल्यावर कुजणे थांबत नाही. जिवाणू आधी नायट्रेट, मग मॅंगनीज आणि लोहाची ऑक्साइडे आणि शेवटी सल्फेट वापरतात. याच क्रमाने विरघळलेले मॅंगनीज, लोह आणि हायड्रोजन सल्फाइड पाण्यात येतात, सोबत अमोनिया आणि फॉस्फरसही सुटतात. विद्युतवाहकता खाली ४१२ वरून ४७५ पर्यंत चढली आहे, ती या विरघळलेल्या क्षारांची खूण. चौदा मीटरवरून नमुन्याची बाटली वर आणली की ती हाताला गार लागते, झाकण उघडताच सडक्या अंड्याचा वास येतो आणि गाळ काळा असतो. असा वास नोंदवला असेल तर तो तक्त्यातल्या कोणत्याही आकड्याइतकाच मोलाचा पुरावा समजावा.

चौथी पायरी: आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी त्यांना प्रश्न विचारा

सर्वांत उपयोगी कसोटी ही की ऑक्सिजन आणि हायड्रोजन सल्फाइड एकत्र नांदत नाहीत. तळाशी डीओ दोन मिलिग्रॅम आणि शेऱ्यात 'दुर्गंधी' असे असेल, तर डीओचा आकडा बाद करावा. असे बहुधा तेव्हा होते, जेव्हा खालचे पाणी नमुनापात्रातून बाटलीत ओतताना खळखळले जाते आणि वाटेत हवा मिसळते. विंकलर पद्धतीने, म्हणजे बाटलीतल्या नमुन्यात रसायने घालून डीओ मोजायचा असेल, तर बाटली नळीने तळापासून, बुडबुडे न येऊ देता, दोन-तीन वेळा ओसंडून भरलेली असावी लागते.

दुसरी खूण म्हणजे दहा मीटरपासून तळापर्यंत एकच आकडा, समजा ०.६, ठेवून उतरणारा रकाना. खरे पाणी इतके एकसारखे क्वचित वागते. बहुतेक वेळा तो उपकरणाच्या शून्याचा दोष असतो. सोडियम सल्फाइटच्या द्रावणात प्रोब बुडवून शून्य तपासले होते का, हे विचारावे. तसेच प्रोबचे कॅलिब्रेशन करताना स्थानिक दाब भरला नसेल आणि यंत्राने समुद्रसपाटीचा दाब धरला असेल, तर सर्व ओळींच्या आकड्यांत सारख्या प्रमाणात सुमारे पाच टक्क्यांची चूक येते. पृष्ठभागाच्या टक्केवारीवर वाद घालण्याआधी एवढे तरी पाहून घ्यावे.

तिसरी चूक घाईची. प्रोबला प्रत्येक खोलीवर आकडा स्थिरावायला वेळ लागतो. डीओला तापमानापेक्षा जास्त. भराभर खाली सोडल्यास आधीच्या पाण्याची आठवण पुढच्या ओळीत उतरते आणि थर्मोक्लाइन आहे त्यापेक्षा खोल आणि पसरट दिसते. उतरताना आणि वर घेताना अशा दोन्ही वेळच्या नोंदी घेतल्या की फरक लगेच कळतो. वाऱ्यात नाव वाहत असेल तर केबल तिरपी होते आणि 'दहा मीटर' प्रत्यक्षात आठच असतात. तळाच्या ओळीत वाहकता एकदम उसळलेली असेल, तर प्रोब गाळात टेकला होता. ती ओळ वापरू नये.

पाचवी पायरी: खोलीचे रूपांतर पातळीत करा आणि दार ठरवा

सरोवरशास्त्राचा तक्ता पृष्ठभागापासून खोली मोजतो, तर जॅकवेलची दारे समुद्रसपाटीपासूनच्या पातळीवर बांधलेली असतात. मराठवाड्यातल्या धरणांची पातळी वर्षभरात कित्येक मीटर खालीवर होत असल्याने हे रूपांतर केल्याशिवाय तक्त्याचा काही उपयोग नाही. पातळी ४४१ असताना ४३८ चे दार तीन मीटर खोलीवर, ४३३ चे आठ मीटरवर आणि ४२७ चे चौदा मीटरवर येते. तक्त्यात पाहिले तर वरच्या दाराला सात मिलिग्रॅमच्या आसपास डीओ आहे, मधल्या दाराला २.६ आणि खालच्या दाराला ०.१. म्हणजे मेअखेरीस वरचे दार उघडायचे. मधले दार थर्मोक्लाइनच्या ऐन मध्यावर आहे. तेथून एके दिवशी चांगले आणि दुसऱ्या दिवशी वासाचे पाणी येऊ शकते, कारण वारा वाहिला की वरचे गरम पाणी वाऱ्याच्या दिशेने ढकलले जाते आणि थर्मोक्लाइन एका बाजूला खाली, दुसऱ्या बाजूला वर अशी झुकते. ज्या काठावरून वारा सुटतो, त्या काठाला खालचे पाणी वर येते. जॅकवेल त्या काठाला असेल तर मधल्या दारावर दिवसभरात दोन-तीन मीटर खोलीचे पाणी फिरून जाऊ शकते.

पुढचा प्रश्न थोडा अवघड आहे. पंधरा जूनपर्यंत पाऊस आला नाही आणि पातळी ४३९ वर आली, तर काय करावे? वरचे दार आता पृष्ठभागापासून फक्त एक मीटरवर, म्हणजे शेवाळाच्या दाट भागात येते. मधले दार सहा मीटर खोलीवर आले आणि मेमध्ये ही खोली थर्मोक्लाइनच्या वरच्या काठावर होती. ते आता चांगले असेल का, हे धरणातले पाणी कोठून बाहेर गेले यावर ठरते. कालव्याचे दार तळाजवळ असते. उन्हाळी आवर्तन त्यातून सुटले असेल, तर बाहेर गेलेले पाणी प्रामुख्याने खालच्या ऑक्सिजनहीन थरातले असते. खालचा थर पातळ होतो आणि थर्मोक्लाइनही पातळीसोबत खाली सरकते. अशा वेळी मधले दार निवडणे योग्य ठरण्याची शक्यता जास्त. उलट आवर्तन नसेल आणि घट फक्त वरच्या दारातून केलेल्या उपशाने व बाष्पीभवनाने झाली असेल, तर थर्मोक्लाइनची समुद्रसपाटीपासूनची पातळी फारशी हललेली नसते, वरचा थरच पातळ झालेला असतो आणि मधल्या दारात अजूनही खराब पाणी असू शकते. हा निर्णय अंदाजाने न घेता फक्त तापमान व डीओ यांची नवी मोजणी पाच ते नऊ मीटरच्या पट्ट्यात करून घ्यावी. तिला अर्धा तास पुरतो.

सहावी पायरी: अचानक मिसळले तर काय, याचा हिशेब

तक्ता एका उभ्या रेषेवरचा असतो, तर धरण वाडग्यासारखे वर पसरट आणि खाली निमुळते असते. म्हणून अर्ध्या खोलीत ऑक्सिजन नाही म्हणजे अर्धे पाणी खराब, असे म्हणता येत नाही. पाटबंधारे खात्याकडे पातळी आणि साठा यांचा तक्ता असतो. तो सोबत ठेवावा. समजा एकूण साठा ३० दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर, आहे आणि त्यातले वरच्या सहा मीटरमध्ये १९, सहा ते नऊ मीटरमध्ये ६ आणि नऊ मीटरखाली ५ दलघमी आहे.

मृगाच्या आधीच्या एखाद्या जोरदार वादळाने हे सारे पाणी ढवळले, असे धरून सरासरी काढू. वरच्या थराला ६.८, मधल्याला सरासरी ३.७ आणि खालच्याला ०.२ मिलिग्रॅम धरले तर गुणाकारांची बेरीज अनुक्रमे १२९.२, २२.२ आणि १ मिळून १५२.४ होते. तिला ३० ने भागल्यास सुमारे ५.१ मिलिग्रॅम येते. हा आकडा वाईट नाही, परंतु यात खालच्या थरात साठलेले रासायनिक कर्ज धरलेले नाही. हायड्रोजन सल्फाइडच्या एका मिलिग्रॅमला पूर्ण ऑक्सिडेशनसाठी सुमारे १.९ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. तळथरात तो लिटरला ३ मिलिग्रॅम सापडला असेल, तर ५ गुणिले ३ गुणिले १.९ म्हणजे २८.५ वजा करावे लागतात; उरते १२३.९ आणि सरासरी येते ४.१. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात पारंपरिक शुद्धीकरण करून पिण्यास योग्य अशा 'क' वर्गातील स्रोतासाठी डीओ किमान ४ असावा लागतो, म्हणजे तलाव काठावर येऊन थांबला.

ही सरासरी मात्र माशांना वाचवेलच असे नाही. मिसळणे सर्वत्र सारखे होत नाही. एखाद्या खाडीत किंवा वाऱ्याच्या उगमाकडच्या काठाला खालचे पाणी जवळजवळ न मिसळता वर येते. त्यातच ढगाळ दिवस असेल तर शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाही, रात्रीचे श्वसन चालूच राहते आणि पहाटे डीओ दोनच्या खाली जातो. म्हणूनच अशी मरतूक वादळाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पहाटे दिसते आणि गावात विषप्रयोगाची आवई उठते. मरणाऱ्या माशांमध्ये मोठे मासे आधी आहेत का, जिवंत मासे पृष्ठभागावर तोंड उघडून श्वास घेत आहेत का आणि पाण्याला गंधकाचा वास आहे का, या तीन गोष्टी पहाटेच पाहून ठेवल्या तर पुढचा बराच गोंधळ टळतो. दुपारी बारा वाजता घेतलेला डीओ अशा चौकशीत निरुपयोगी असतो, कारण तोपर्यंत उन्हाने तो पुन्हा वर आणलेला असतो.

हेच गणित प्रत्येक धरणाला लावू नये. पैठणच्या नाथसागराचा एकूण साठा सुमारे २९०९ दलघमी आणि भरल्यावरचा विस्तार सुमारे ३५० चौरस किलोमीटर आहे. भागाकार केला तर सरासरी खोली आठ मीटरच्या आसपास येते. इतक्या विस्तीर्ण आणि उथळ जलाशयावर वाऱ्याला मोठे अंतर मोकळे मिळते, त्यामुळे तिथे थर बसला तरी तो वारंवार मोडतो आणि टिकाऊ थर शोधायचा तर धरणाजवळच्या जुन्या नदीपात्राच्या खोल भागात शोधावा लागतो. म्हणून दुसऱ्या जलाशयाच्या तक्त्यावरून आपल्या जलाशयाचा अंदाज बांधण्याआधी सरासरी खोली आणि वाऱ्याच्या दिशेतली लांबी एवढे दोन आकडे जुळवून पाहावेत.

सातवी पायरी: नोव्हेंबरचा तक्ता शेजारी ठेवा

पावसाळ्यात चित्र गुंतागुंतीचे होते. नदीचे गढूळ पाणी सहसा तलावाच्या पृष्ठभागापेक्षा गार आणि गाळामुळे जड असल्याने ते खाली शिरते. कधी तळापर्यंत, कधी समान घनतेच्या थरात आडवे पसरते. म्हणून ऑगस्टच्या तक्त्यात मध्येच डीओ वाढलेला किंवा तळाची वाहकता वरच्यापेक्षा कमी दिसली, तर गोंधळून न जाता तो पुराचा शिरकाव समजावा. ऑक्टोबरच्या उन्हात थर पुन्हा काही प्रमाणात बसतो आणि मग थंडी पडू लागते. धरण भरून पातळी ४४४ झाली आहे, म्हणजे २१ मीटर पाणी आहे, असे धरून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याचा तक्ता असा:

| खोली (मी.) | पातळी (मी.) | तापमान (°से.) | डीओ (मि.ग्रॅ./लि.) | संपृक्तता (%) |
|---|---|---|---|---|
| ०.२ | ४४३.८ | २६.१ | ४.९ | ६४ |
| ५ | ४३९ | २५.९ | ४.४ | ५७ |
| १० | ४३४ | २५.९ | ४.३ | ५६ |
| १५ | ४२९ | २५.८ | ४.१ | ५३ |
| १८ | ४२६ | २५.६ | २.४ | ३१ |
| २० | ४२४ | २५.४ | ०.३ | ४ |

मेच्या तक्त्याशी खोलीनुसार तुलना केली तर येथे दहा मीटरवर ऑक्सिजन 'वाढला' आणि पृष्ठभागावर 'घटला' एवढेच दिसते. पातळीनुसार पाहिले तर खरी गोष्ट उघड होते. पृष्ठभागाचे पाणी गार होत होत तळाच्या तापमानाजवळ आले आहे. पंधरा मीटरपर्यंत सर्व पाणी एकजीव झाले असून शेवटचा तीन-पाच मीटरचा थरच काय तो राहिला आहे. पृष्ठभागाची टक्केवारी ६४ आहे याचा अर्थ गावाचे सांडपाणी आले असा लगेच घेऊ नये. खालचे ऑक्सिजनहीन पाणी नुकतेच वर मिसळले आहे आणि हवेतून तूट भरून निघायला अजून वेळ लागणार आहे. सांडपाणी असते तर वाहकता आणि अमोनिया प्रवाहाच्या मुखाकडे जास्त आणि धरणाकडे कमी अशी उतरण दिसली असती. उलथापालथीत मात्र ही वाढ खोलीत एकसारखी दिसते. दोन ठिकाणी मोजणी केली की प्रश्न सुटतो.

उलथापालथ एका रात्रीत पूर्ण होत नाही. वरचा एकजीव थर प्रत्येक गार आणि वाऱ्याच्या रात्री थोडा थोडा खाली सरकतो आणि शेवटच्या टप्प्यात, जेव्हा तळाचे सर्वांत खराब पाणी मोकळे होते, तेव्हा जलशुद्धीकरण केंद्रावर त्याचा फटका बसतो. अमोनिया वाढल्याने क्लोरीनची मागणी वाढते. अमोनिया नायट्रोजनच्या प्रत्येक मिलिग्रॅमला ब्रेकपॉइंट, म्हणजे अमोनिया संपून मोकळा क्लोरीन उरू लागतो तो टप्पा, गाठण्यासाठी व्यवहारात आठ ते दहा मिलिग्रॅम क्लोरीन लागतो. विरघळलेले मॅंगनीज तर ऑक्सिजन आल्यावरही लगेच बसत नाही. ते फिल्टरमधून पार होते, नंतर क्लोरीनच्या संपर्कात नळातल्या पाण्याला तपकिरी-काळपट रंग देते आणि ग्राहकाची तक्रार येते ती बादलीच्या तळाला बसलेल्या काळ्या गाळाची. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी मॅंगनीजची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, आणि ऑक्सिजनहीन तळाकडून ती सहज ओलांडली जाते.

म्हणून नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून आठवड्यातून एकदा तरी तीन आकडे घेण्याची सवय ठेवावी: पृष्ठभागाचे पहाटेचे तापमान, तळापासून एक मीटर वरचे तापमान आणि तिथला डीओ. पहिल्या दोघांतला फरक अर्ध्या अंशाच्या खाली आला आणि तळाचा डीओ अजून शून्याजवळ असेल, तर उलथापालथीचा शेवटचा टप्पा जवळ आला आहे. त्या काळात खालचे दार बंद ठेवावे, सर्वांत वरचे उपलब्ध दार वापरावे, क्लोरीनचा साठा वाढवून ठेवावा आणि रोजच्या चाचणीत अमोनिया व मॅंगनीज यांची भर घालावी. तळाचा डीओ पृष्ठभागाच्या जवळ आला आणि दोन सलग मोजण्यांत तसाच राहिला की वाढवलेल्या चाचण्या थांबवता येतात. जानेवारीत वरपासून खालपर्यंत साधारण एकच तापमान आणि नव्वदच्या पुढची टक्केवारी दिसली तर तो तक्ता जपून ठेवावा, कारण मार्चमध्ये थर बसू लागेल तेव्हा ऑक्सिजन कोणत्या वेगाने संपतो, हे त्याच तक्त्यापासून मोजायचे असते.